हशा पिकेपर्यंत

भाषणातला विनोद फसतो तेव्हा बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट घडलेली असते. हसू आणणारा शब्द वाक्यात चुकीच्या जागी पडलेला असतो, नाहीतर तो योग्य जागी पडल्यावर वक्ता थांबलेला नसतो. विनोद मुळात चांगला होता की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. सभागृहात दोनशे माणसे बसली असतील आणि त्यांतल्या पन्नास जणांना विनोद आधीच कळला, शंभर जणांना वेळेवर कळला आणि उरलेल्यांना शेजाऱ्याने सांगितल्यावर कळला, तर विनोद तोच राहूनही हशा पिकत नाही. थोडी कुजबुज होते, पुढच्या रांगेत दोन-चार जण हसतात आणि वक्ता पुढे जातो. वेळ साधणे म्हणजे या दोनशे जणांना एकाच क्षणी एका जागी पोहोचवणे. निरनिराळ्या वयांचे, भाषांचे आणि नात्यांचे लोक एकत्र बसलेले असतात तेव्हा हे काम अवघड होते, कारण ते सगळे वेगवेगळ्या ठिकाणांहून निघालेले असतात.

हे एका उदाहरणावर पाहणे सोयीचे. एका सरकारी कार्यालयातले लेखापाल निवृत्त होत आहेत. निरोपाच्या कार्यक्रमाला त्यांचे सहकारी आहेत, शिपाई आणि चालक आहेत, त्यांची पत्नी, मुलगी, जावई, व्याही आणि इंग्रजी शाळेत जाणारी दोन नातवंडे आहेत. अध्यक्षस्थानी हिंदी मातृभाषा असलेले वरिष्ठ अधिकारी आहेत. एक सहकारी बोलायला उभा राहतो आणि सांगतो :

“साहेबांचं लग्न पुण्यातल्या एका मंगल कार्यालयात झालं, आणि त्या लग्नाला मी हजर होतो. तुम्हाला ठाऊक आहे, साहेबांच्या टेबलावरून कागद जोडल्याशिवाय एक रुपया कधी पुढे सरकला नाही. ही सवय त्यांना नोकरीत लागलेली नाही. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, वहिनींनी हार घातला. साहेबांनी हार नीट निरखला आणि विचारलं, ‘पावती?’”

एवढ्यावर हशा पिकतो. तो ओसरू लागला की वक्ता एकच वाक्य जोडतो : “वहिनी म्हणाल्या, ‘कार्यालयात मिळेल.’”

विनोद साधाच आहे, पण त्यातला प्रत्येक शब्द जिथे आहे तिथे असण्याला कारण आहे. सर्वांत महत्त्वाची जागा ‘पावती’ या शब्दाची. बोलताना सहज कोणीही हेच असे सांगेल : “तेव्हा ‘पावती कुठे आहे?’ असं साहेबांनी वहिनींना हार घालून झाल्यावर विचारलं होतं.” मजकूर तोच, पण हसायची जागा गेली. ‘पावती’ ऐकताच श्रोत्याला हसू येते आणि वक्ता मात्र अजून दहा शब्द बोलत असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी 1990 च्या दशकात रोजच्या संभाषणातल्या हसण्याच्या बाराशेच्या आसपास नोंदी गोळा केल्या. त्यांना आढळले की हसणे वाक्याच्या मध्ये जवळजवळ कधीच येत नाही. लेखनात विरामचिन्हे जिथे यावीत तिथेच, म्हणजे वाक्य किंवा वाक्यखंड संपल्यावर, ते येते. म्हणून वाक्याला शेपूट राहिले की श्रोता हसू आवरून धरतो, आणि शेपूट संपेपर्यंत ते हसू विरलेले असते.

मराठीत हे शेपूट फार सहज येते. क्रियापद शेवटी ठेवण्याकडे या भाषेचा ओढा आहे, आणि दुसऱ्याचे बोलणे सांगताना ‘असं म्हणाला’, ‘असं विचारलं’, ‘असं झालं होतं’ हे जोडायची सवय पक्की आहे. गंभीर निवेदनात त्यातून काही बिघडत नाही. विनोदात मात्र हे शब्द हसऱ्या शब्दाच्या मागे उभे राहून त्याला झाकतात. उपाय असा की ‘म्हणाला’ किंवा ‘विचारलं’ आधी उरकून घ्यावे आणि ज्याचे बोलणे आहे त्याच्या तोंडचा शब्द सर्वांत शेवटी ठेवावा. मराठीला हे जड जात नाही, कारण तिची शब्दरचना सैल आहे आणि क्रियापद गाळूनही अर्थ पुरा होतो. ‘पावती?’ या एका शब्दात अख्खा प्रश्न आहे. विनोद लिहून काढला की शेवटच्या वाक्याचा शेवटचा शब्द अधोरेखित करून पाहावा. त्या शब्दावर हसू येत नसेल तर वाक्य फिरवायला हवे.

दुसरी गोष्ट म्हणजे हा शब्द त्याआधी खर्च झालेला नसावा. उदाहरणातल्या वक्त्याने लेखापालांची सवय सांगताना ‘कागद जोडल्याशिवाय’ असे म्हटले आहे, ‘पावतीशिवाय’ म्हटलेले नाही. ‘पावती’ तिथेच येऊन गेली असती तर कार्यालयातले लोक अंतरपाट दूर होण्याच्या आधीच शेवटाला जाऊन बसले असते. त्याचबरोबर ते वाक्य गाळूनही चालले नसते. सहकाऱ्यांना लेखापालांचा स्वभाव माहीत आहे. व्याह्यांना आणि नातवंडांना तो त्या रूपात माहीत नाही. सवयीचे वाक्य व्याह्यांसाठी आहे. ज्यांना कमी माहीत आहे त्यांना ते बरोबर घेते, आणि ज्यांना जास्त माहीत आहे त्यांना शेवट आयता हाती देत नाही. संमिश्र श्रोत्यांसमोर प्रस्तावना किती लांब असावी, याचे हेच माप : बाहेरच्या माणसाला शेवट समजायला जेवढे लागते तेवढे सांगावे, त्याहून एक वाक्यही जास्त नको.

आता थांबण्याविषयी. हसऱ्या शब्दाच्या आधी मोठा विराम घ्यावा, असे वक्तृत्वाच्या वर्गांत बहुधा शिकवले जाते. साल्व्हातोरे अतार्दो आणि ल्युसी पिकरिंग या भाषाभ्यासकांनी 2011 मध्ये इंग्रजीतून विनोद सांगणाऱ्यांची ध्वनिमुद्रणे तपासून एक निबंध प्रसिद्ध केला. शेवटच्या ओळीआधी लोक विशेष थांबतात किंवा ती ओळ जास्त मोठ्याने म्हणतात, असे काही त्यांना आढळले नाही. ती मुद्रणे व्यासपीठावरच्या भाषणांची नव्हती, त्यामुळे ‘आधी कधीच थांबू नये’ असा नियम त्यातून काढता येत नाही. पण आधीच्या विरामावर विनोद उभा नसतो, एवढे नक्की कळते. ‘विचारलं’ आणि ‘पावती’ यांच्यात अर्ध्या सेकंदाची जागा पुरे, कारण लेखनात तिथे स्वल्पविराम आणि अवतरणचिन्ह आहे आणि बोलण्यात बोलणारा बदलतो आहे. तीच जागा दोन सेकंदांची केली की सभागृहाला कळते की आता काहीतरी गमतीचे येणार. लोक अंदाज बांधतात, आणि शब्द येतो तेव्हा तो अंदाजापेक्षा लहान वाटतो. ‘एक विनोद सांगतो’, ‘गंमत ऐका’ अशी सुरुवातही याच कारणाने घातक. तिने हसण्याची मागणी आधी होते आणि माल नंतर येतो.

मोठा विराम कधी चालतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकी रेडिओवर आहे. जॅक बेनी या नटाने कितीतरी वर्षे आपल्या कार्यक्रमात कंजूष माणसाचे सोंग वठवले होते. 1948 मधल्या एका भागात लुटारू त्याला वाटेत अडवून ‘पैसे दे, नाहीतर जीव’ असे धमकावतो. बेनी काहीच बोलत नाही. रेडिओवर शांतता, आणि त्या शांततेतच श्रोते हसू लागतात. लुटारू पुन्हा दटावतो तेव्हा बेनी चिडून सांगतो की मी विचार करतो आहे. इथे विराम हाच विनोद होता. हा माणूस पैसे आणि जीव यांच्यात खरोखर तोलमोल करत असणार, हे श्रोत्यांना माहीत होते, म्हणून त्यांनी ती रिकामी जागा स्वतः भरली. निरोपाच्या भाषणातही असा विराम घेता येतो, पण ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो स्वभाव समोरच्या प्रत्येकाला ठाऊक असेल तरच. फक्त कार्यालयातले लोक जमले असते तर वक्ता ‘साहेबांनी हार नीट निरखला’ एवढ्यावरच थांबू शकला असता आणि सहकारी तिथेच हसले असते. व्याही मंडळी मात्र त्यावेळी काय चालले आहे हे शोधत राहिली असती.

शब्दानंतरचा विराम हा खरा, आणि नवख्याला तोच सर्वांत जड जातो. ‘पावती?’ म्हटल्यावर सभागृहात क्षणभर काहीच होत नाही. शब्द ऐकू येणे, तो हारापाशी जोडला जाणे आणि हसू फुटणे याला थोडा वेळ लागतोच. व्यासपीठावर उभ्या असलेल्याला तो अर्धा-पाऊण सेकंद फार लांब भासतो. विनोद पडला या भीतीने तो घाईने पुढचे वाक्य सुरू करतो, आणि ज्या क्षणी लोक हसणार असतात त्याच क्षणी ते वाक्य ऐकण्यासाठी गप्प होतात. श्रोते सभ्य असतात. वक्ता बोलू लागला की ते हसू गिळतात. एकदा असे झाले की पुढच्या विनोदालाही ते जपून हसतात, कारण हसले तर काहीतरी ऐकायचे राहील हे त्यांना शिकवले गेलेले असते. एका घाईमुळे पुढची दहा मिनिटे थंड गेलेली भाषणे पुष्कळ असतात, आणि वक्त्याला मात्र श्रोतेच रुक्ष होते असे वाटत राहते.

मोकळ्या मैदानावर हा विराम आणखी वाढवावा लागतो. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. शंभर मीटरवर बसलेल्यांचा हशा व्यासपीठापर्यंत यायला जवळजवळ एक तृतीयांश सेकंद घेतो, आणि वर छत नसल्याने येताना तो विरळ होतो. मैदानावरची माणसे हसत असूनही वक्त्याला ती गप्प वाटतात ती यामुळे. अशा ठिकाणी कानांवर विसंबू नये, चेहऱ्यांकडे आणि हलणाऱ्या खांद्यांकडे पाहावे. घुमणाऱ्या मंगल कार्यालयात अडचण उलटी असते : शेवटच्या शब्दाचा आवाज भिंतीवरून परत येतो आणि शब्दच अस्पष्ट होतो. तिथे तो शब्द मोठ्याने म्हणून उपयोग नाही. हळू, सुटा आणि तोंड ध्वनिक्षेपकासमोर नीट धरून म्हणावा लागतो. खुर्च्यांचाही परिणाम होतो. एकट्या माणसापेक्षा सोबतीत असलेला माणूस कितीतरी अधिक हसतो, हेही प्रोव्हाइन यांच्या नोंदींतून दिसले होते. तीनशे खुर्च्यांत ऐंशी माणसे विखरून बसली असतील तर त्यांना कार्यक्रम सुरू होण्याआधीच पुढे बोलावून जवळजवळ बसवावे. वक्त्याच्या कोणत्याही कौशल्यापेक्षा याने जास्त फरक पडतो.

हशा लाटेसारखा असतो. तो चढतो, क्षणभर वर राहतो आणि उतरतो. पुन्हा बोलायला सुरुवात करायची ती लाट अर्धीअधिक उतरल्यावर, पण पूर्ण शमण्याच्या आधी. पूर्ण शांतता होऊ दिली तर नवे वाक्य थंड सभागृहात सुरू करावे लागते. उतरत्या लाटेवर बोललेले पहिले दोन-तीन शब्द मात्र काहींना ऐकू येत नाहीत, म्हणून तिथे महत्त्वाचा शब्द ठेवायचा नाही. ‘वहिनी म्हणाल्या’ हे शब्द हरवले तरी चालतात. ‘कार्यालयात मिळेल’ हे नाही. ‘म्हणाल्या’ पुढे येण्याचा हा दुसरा फायदा. या मधल्या वेळात वक्त्याने काय करावे? शक्य तितके थोडे. पाण्याचा पेला उचलला की विनोद संपल्याची खूण होते. कागदात डोके घातले की वक्ता निघून गेल्यासारखा वाटतो. ‘तर सांगायचा मुद्दा असा’ म्हणत जागा भरली की लाट कापली जाते. उभे राहावे, नजर माणसांवर ठेवावी आणि श्वास घ्यावा. स्वतः मनापासून हसू आले तर हसायला हरकत नाही, फक्त ते श्रोत्यांच्या मागून यावे.

दुसरे वाक्य, ‘कार्यालयात मिळेल’, पहिल्यापेक्षा हळू पोहोचते. ‘पावती’ ऐकताच कळते. ‘कार्यालय’ या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांवर यावे लागतात. नोकरीचे कार्यालय आणि लग्नाचे मंगल कार्यालय हे दोन्ही डोक्यात असतील तरच कोटी कळते. म्हणून वक्त्याने ‘मंगल कार्यालय’ हे शब्द सुरुवातीलाच सहज पेरून ठेवले आहेत. ते न पेरता कोटी केली असती तर निम्मे लोक ती पकडायला धावले असते. अगदी शेवटच्या वाक्याच्या तोंडावर पेरले असते तर सगळ्यांना ती येताना दिसली असती. तीन-चार वाक्यांचे अंतर बरोबर आहे : शब्द विसरलेला नाही आणि समोरही नाही. कोटीनंतरचा विराम थोडा लांब धरावा लागतो, आणि तिचा हशा बहुधा एकदम येत नाही, कोपऱ्याकोपऱ्यातून सुरू होऊन जुळत जातो.

भाषा वेगळी असलेला श्रोता इथेच मागे राहतो. अध्यक्षस्थानी असलेल्या अधिकाऱ्यांना मराठी समजते, पण हिंदीत कार्यालय म्हणजे फक्त ऑफिस. त्यांना ‘पावती’ वेळेवर कळते आणि ‘कार्यालय’ बहुधा शेजाऱ्याने सांगितल्यावर. ते दोन सेकंद उशिरा हसले तर वक्त्याने त्यांच्यासाठी थांबून अर्थ समजावून सांगू नये. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर वळतात आणि त्यांना अवघडल्यासारखे होते. मराठी आणि हिंदी यांच्यात सारखे दिसणारे पण वेगळ्या अर्थाचे शब्द पुष्कळ आहेत. मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत शिक्षण. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणे, हिंदीत समझोता. अशा शब्दावर उभा केलेला विनोद समिश्र सभागृहात नुसता कळत नाही असे नाही, कधी कधी उलटाच कळतो. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत अशीच दरी दोन पिढ्यांमध्ये असते. आईवडील मराठी म्हणी-वाक्प्रचारांवर हसतात आणि तिथे वाढलेली मुले त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून हसतात. तिथे कोटीपेक्षा प्रसंगावर उभा असलेला विनोद लवकर पोहोचतो, कारण वराने हार निरखून पावती मागणे डोळ्यांसमोर आणायला शब्दसंपत्ती लागत नाही. दुभाषा असेल तर हशा दोनदा येतो, एकदा मूळ वाक्यावर आणि पुन्हा अनुवादावर. दुसरा हशा ओसरेपर्यंत गप्प राहायचे, हे वक्त्याने आणि दुभाष्याने आधीच ठरवून घ्यावे. शेवटी येणारा शब्द दुभाष्यालाही आधी सांगून ठेवावा, म्हणजे तो आपल्या भाषेतही त्याला शेवटीच ठेवू शकेल.

हसण्याची ताकदही सगळ्यांची सारखी नसते. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. दात न दिसणाऱ्या मंद स्मितापासून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या खदखदण्यापर्यंत हा क्रम जातो. त्या ग्रंथाने हे प्रकार उत्तम, मध्यम आणि अधम पात्रांत वाटून दिले आहेत. ती वाटणी त्याच्या काळाची आहे आणि आज ती सोडून द्यावी हेच योग्य. पण एकाच विनोदावर एकाच सभागृहात हे सहाही प्रकार दिसतात, हे निरीक्षण आजही खरे आहे. पहिल्या रांगेतले व्याही ओठ मिटून हसतील आणि मागच्या रांगेतले तरुण कारकून टेबल बडवतील. वक्त्याने मागच्या रांगेचा हशा हेच माप धरले तर तो हळूहळू त्यांच्याकडे तोंड करून बोलू लागतो, विनोद त्यांच्या बैठकीतले होत जातात आणि पुढची रांग कार्यक्रमातून बाहेर पडते.

हे कसे घडते ते याच उदाहरणात दिसते. ‘पावती?’ वर मोठा हशा मिळाल्यावर वक्त्याला वहिनींच्या उत्तराऐवजी दुसरे वाक्य सुचू शकते : “पावती असती तर परत तरी करता आलं असतं!” मित्रांच्या बैठकीत यावर कदाचित जास्त मोठे हसू येईल. इथे समोर पत्नी बसली आहे, मुलगी आणि जावई आहेत, मुलीचे सासू-सासरे आहेत. मागून हशा सुरू होतो, अर्ध्यावर येतो आणि मध्येच तुटतो. विनोद कोणाला लागला आहे हे ओळखण्याची ही सर्वांत खात्रीची खूण. न कळलेल्या विनोदावर शांतता असते, नाहीतर कुजबुज. लागलेल्या विनोदावर हशा सुरू होऊन तुटतो, कारण हसणाऱ्यांनी ज्याच्यावर विनोद झाला त्याच्याकडे पाहिलेले असते. वक्ता मागच्या रांगेकडे पाहत असेल तर ही खूण त्याला दिसतच नाही.

दोन वाक्यांतला फरक सभ्यतेपुरता नाही. पहिल्या विनोदाचा विषय लेखापालांची कागद मागण्याची सवय आहे. ती त्यांनी स्वतः निवडलेली आहे, तिचा त्यांना अभिमान आहे आणि उभे राहून तिच्यावर ते चार वाक्ये बोलू शकतात. जोडवाक्यात पत्नी बोलते आणि वरचढ ठरते. ‘परत करता आलं असतं’ मध्ये ती वस्तू होते आणि तिला काही बोलता येत नाही, कारण तिच्या हाती ध्वनिक्षेपक नाही आणि तिने रागाने पाहिले तर ‘गंमत कळत नाही’ असे म्हणायला लोक मोकळे. विनोद कोणावर करावा याची चाचणी यातून मिळते : ज्याच्यावर विनोद आहे त्याला त्याच सभेत, त्याच उंचीवरून उत्तर देता येते का? म्हणून अध्यक्षांवरचा सौम्य विनोद चालतो आणि चहा देणाऱ्या शिपायावरचा चालत नाही, तो कितीही निरुपद्रवी वाटला तरी. शिपायाला हसावेच लागते. सिसेरोने इ.स.पू. 55 मध्ये वक्तृत्वावर लिहिलेल्या ग्रंथात विनोदाच्या मर्यादा सांगताना मोठा अपराध आणि मोठे दुःख हे दोन्ही विषय वर्ज्य ठरवले होते. लोकांना अपराध्याला शिक्षा झालेली हवी असते आणि दुःखी माणसाची टर उडवलेली त्यांना रुचत नाही. संमिश्र सभेत यातली दुसरी बाब फार जपावी लागते, कारण कोणाचे दुःख कुठे बसले आहे हे वक्त्याला ठाऊक नसते. मूल न होणे, लग्न मोडणे, बढती हुकणे, मुलाचे शिक्षण सुटणे या गोष्टी मोठ्या सभागृहात कोणाच्या ना कोणाच्या घरी घडलेल्या असतातच. ‘आता गोड बातमी कधी?’ हा निरोप-लग्न समारंभांतला नेहमीचा विनोद याच कारणाने टाळावा.

बोलीच्या नकलेविषयी स्वतंत्र सांगायला हवे, कारण मराठी व्यासपीठावर तिचे आकर्षण फार आहे. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी किंवा सोलापुरी ढंगात एखादे वाक्य म्हटले की हशा हमखास येतो. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनात गावाकडची बोली सभागृहे भरून ऐकली गेली. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात बोलीवरच माणसे उभी राहिली. पण तिथे बोली पात्राची होती, पात्राला स्वतःची अक्कल होती, आणि सांगणाऱ्याचा त्या बोलीशी घरचा संबंध होता. भाषणात येणारी नक्कल बहुधा अशी नसते. तिच्यातला बोली बोलणारा माणूस नेहमी बावळट असतो आणि प्रमाण मराठी बोलणारा शहाणा. सभागृहात त्या बोलीचे चार जण असतील तर त्यांना विनोद सगळ्यांच्या आधी कळतो, आणि आपल्या आईचे बोलणे हा हसण्याचा विषय आहे, हेही त्याबरोबर कळते. तपासायला सोपी रीत आहे : तेच वाक्य प्रमाण मराठीत म्हणून पाहावे. हसू शिल्लक राहिले तर विनोद प्रसंगात आहे, आणि बोलीची गरजच नाही. हसू गेले तर विनोद माणसांच्या उच्चारावर होता. आडनावावरून जातीकडे बोट दाखवणारे, रंग किंवा जाडी यांच्यावरचे आणि तोतरेपणाची किंवा बहिरेपणाची नक्कल करणारे विनोदही याच चाळणीत अडकतात. त्यांच्यात प्रसंग नसतोच.

एवढे करूनही विनोद कधी लागतोच. हशा तुटल्याचे दिसले की ‘अहो, गंमत केली’ म्हणू नये. त्याने चूक ऐकणाऱ्याच्या माथी जाते. एका वाक्यात, त्या व्यक्तीकडे पाहून चुकले म्हणावे आणि पुढे जावे. लांब खुलासा केला तर सगळी सभा पुन्हा त्याच जागी येऊन उभी राहते. विनोद नुसता न कळल्याने पडला असेल तर काहीच म्हणायची गरज नसते, पण ती सोय आधी करून ठेवावी लागते. विनोदाच्या मागचे वाक्य असे असावे की हशा आला किंवा नाही आला तरी ते चालेल. उदाहरणातला वक्ता पुढे म्हणतो : “या सवयीमुळे आमच्या विभागातल्या कोणाला लेखापरीक्षणाच्या दिवसांत कधी झोपेची गोळी घ्यावी लागली नाही.” लोक हसले असतील तर हे वाक्य त्यांना मूळ मुद्द्यावर आणते. हसले नसतील तर हारापासूनचे सगळे बोलणे या वाक्याची प्रस्तावना होते, आणि तिथे विनोद होता हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

भाषणात विनोदाची जागा कुठे असावी, हेही वेळेचेच अंग. कार्यक्रमाच्या सुरुवातीला श्रद्धांजली झाली असेल तर पुढचा वक्ता विनोदाने सुरुवात करू शकत नाही. दोन-तीन मिनिटांचे साधे बोलणे मध्ये जावे लागते. तसे काही नसतानाही पहिल्याच वाक्यात विनोद टाकू नये. त्यावेळी खुर्च्या सरकत असतात, कानांना वक्त्याचा आवाज आणि वेग अजून सवयीचा झालेला नसतो, आणि शेवटचा शब्द हमखास हरवतो. दुसऱ्या टोकाला, निरोपाच्या भाषणात शेवटचा हशा शेवटच्या वाक्यापासून बराच अलीकडे संपलेला असावा. लेखापाल उठून हात जोडतील तेव्हा त्यांच्या मुलीचे डोळे भरून येणार आहेत. त्याआधीच्या मिनिटात सभागृह हसत असेल तर काही जण सवयीने तेव्हाही हसतात. म्हणून पावतीचा प्रसंग भाषणाच्या पहिल्या तिसऱ्या भागात येतो, मध्ये कामाच्या आठवणी येतात, आणि वक्ता शेवटची ओळ ध्वनिक्षेपकापासून थोडे मागे होऊन, नेहमीच्या आवाजात म्हणतो.